निळ्या डोळ्यांत निळा रंग शोधताना होणाऱ्या चुका

निळ्या डोळ्यांबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच ठिकाणी सुरू होतात. डोळ्यात निळं रंगद्रव्य भरलेलं असतं, असं आपण धरून चालतो. मग हे द्रव्य आजीकडून नातवाकडे कसं आलं, मधल्या पिढीत कुठे दडलं, दोन तपकिरी डोळ्यांच्या आईबापांकडे ते होतं कुठे, असे प्रश्न पडतात आणि त्यांची उत्तरंही चुकतात.

माणसाच्या बुबुळात निळं रंगद्रव्य नसतंच. तिथे असतं ते मेलॅनिन, आणि ते तपकिरी-काळपट किंवा पिवळसर-लालसर असतं. बाहुलीभोवतीच्या या कड्याला दोन थर असतात. मागचा थर मेलॅनिनने गच्च भरलेला असतो, डोळे कुठल्याही रंगाचे असोत. पुढचा थर कोलॅजनच्या बारीक तंतूंची सैल जाळी असते. खरा फरक याच थरात पडतो. तपकिरी डोळ्यांत या जाळीतल्या पेशींमध्ये भरपूर मेलॅनिन असतं, निळ्या डोळ्यांत फारच थोडं. पेशींची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखीच असते, त्यामुळे ‘निळ्या डोळ्यांत रंगपेशीच नसतात’ हेही खरं नाही.

जाळीत मेलॅनिन नसलं की आत शिरलेला प्रकाश तंतूंवर आदळून विखुरतो. कमी तरंगलांबीचा निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि त्यातला काही बाहेर परततो. लाल-पिवळा प्रकाश बराचसा आरपार जातो आणि मागचा काळा थर तो शोषून घेतो. बघणाऱ्याकडे पोहोचतो तो निळा.

प्रयोग फसतो तो कुठे

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात दुधाचे दोन-चार थेंब ढवळा, मागे काळा कागद धरा आणि खोलीत अंधार करून बाजूने पांढऱ्या प्रकाशाची टॉर्च मारा. पाण्यात फिकट निळी झाक दिसते. आता टॉर्च ग्लासच्या मागे नेऊन तिच्याकडे पाण्यातून बघा, तेच पाणी पिवळसर दिसेल. निळं द्रव्य असतं तर ते दोन्ही बाजूंनी निळंच दिसलं असतं.

बऱ्याच जणांना निळं काही दिसत नाही, आणि कारण बहुतेक वेळा दोनांपैकी एक असतं. एक तर दूध जास्त पडलेलं असतं. मग प्रकाश इतक्यांदा विखुरतो की सगळे रंग परत मिसळतात आणि ग्लास नुसता पांढरा दिसतो. अशा वेळी आणखी पाणी घालून बघा. नाहीतर मागचा कागद पांढरा असतो. तो उरलेला लाल-पिवळा प्रकाश परत फेकतो आणि निळी झाक बुडते. ही दुसरी चूक मला जास्त मोलाची वाटते, कारण निळ्या डोळ्यामागे काळा पडदा का लागतो ते तिच्यातून कळतं. वर्णहीनतेत, म्हणजे अल्बिनिझममध्ये, मागच्या थरातलंही मेलॅनिन कमी असतं. त्यामुळे ठरावीक प्रकाशात डोळ्याच्या आतून परतणारा लालसर प्रकाश बुबुळातून दिसू शकतो.

‘निळ्याचं जनुक’ असं म्हणू नका

वारशाने निळा रंग मिळत नाही, पुढच्या थरात मेलॅनिन किती बनवायचं याची सूचना मिळते. १५ व्या गुणसूत्रावर OCA2 नावाचं जनुक आहे. मेलॅनिन तयार होण्यासाठी लागणारं एक प्रथिन ते बनवतं. शेजारच्या HERC2 या जनुकाच्या आत एक जागा आहे, rs12913832. ती OCA2 साठी बटणासारखं काम करते. तिथे डीएनएचं A हे अक्षर असेल तर OCA2 जोरात चालतं, G असेल तर मंदावतं. प्रत्येकाकडे या जागेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून, म्हणून ती A/A, A/G किंवा G/G अशी लिहितात. ही गोष्ट २००८ मध्ये स्पष्ट झाली. डीएनए अहवाल वाचताना मात्र एक काळजी घ्या. काही अहवाल समोरच्या साखळीची अक्षरं छापतात, तिथे A ऐवजी T आणि G ऐवजी C येतं. म्हणजे C/C दिसलं तर ते G/G च आहे.

आता तीन पिढ्यांचा हिशोब करू. आजी निळ्या डोळ्यांची, G/G. आजोबा तपकिरी, A/A. त्यांच्या मुलीला आजीकडून G मिळणार आणि आजोबांकडून A. एक चालू प्रत बहुधा पुरेसं मेलॅनिन बनवते, म्हणून मुलगी तपकिरी डोळ्यांची. तिचा नवराही तपकिरीच, पण त्याचे वडील निळ्या डोळ्यांचे होते, म्हणजे तोही A/G. या दोघांच्या प्रत्येक मुलाला दोन्हीकडून G मिळण्याची शक्यता चारात एक. मधल्या पिढीत निळा रंग कुठे दडला नव्हता, फक्त मंद सूचना चालू सूचनेच्या जोडीला होती.

इथेही एक चूक हमखास होते. चारात एक म्हणजे चार मुलांपैकी एक निळ्या डोळ्यांचं होणारच, असा अर्थ काढला जातो. प्रत्येक मुलासाठी शक्यता नव्याने तेवढीच असते. चारही मुलं G/G नसण्याची शक्यता ८१/२५६, म्हणजे जवळजवळ ३२ टक्के. उलट आधीची तिघं तपकिरी झाली म्हणून चौथ्याची शक्यता वाढत नाही.

डोळ्यांवरून पितृत्व ठरवू नका

सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक ही आहे. निळ्या डोळ्यांच्या आईबापांना तपकिरी डोळ्यांचं मूल होऊच शकत नाही, हा नियम १९०७-०८ च्या सुमारास मांडलेल्या सरळ प्रभावी-अप्रभावी हिशोबातून आला आणि शाळेच्या तक्त्यांमुळे टिकला. तो बहुतेक घरांत जुळतो, म्हणून खरा वाटतो. पण rs12913832 ही एकच जागा रंग ठरवत नाही. २०२१ मध्ये सुमारे १,९५,००० लोकांच्या अभ्यासात डोळ्यांच्या रंगाशी जोडलेल्या डीएनएवरच्या ५० नव्या जागा सापडल्या.

समजा आई G/G असल्यामुळे निळ्या डोळ्यांची आहे. वडिलांचं बटण A/G आहे, पण मेलॅनिनच्या वाटेवरच्या दुसऱ्याच जनुकांमध्ये कमकुवत प्रती असल्यामुळे त्यांचेही डोळे निळेच राहिले. मुलाला वडिलांकडून A मिळाला आणि त्या दुसऱ्या जनुकांच्या धडधाकट प्रती आईकडून मिळाल्या, तर दोन्ही अडथळे सुटतात आणि डोळे तपकिरी होऊ शकतात. हे क्वचित घडतं, पण घडतं. पितृत्वाची शंका असेल तर त्यासाठीची डीएनए चाचणी वेगळी असते. आरशात बघून तो निकाल लावणं हा घरातल्या बाईवर निव्वळ अन्याय आहे.

हिरवे आणि घारे डोळे या हिशोबात नीट बसत नाहीत, आणि बसवायचा अट्टहासही करू नका. त्यांच्यात पुढच्या थरात थोडं मेलॅनिन असतं आणि विखुरलेला निळा प्रकाश त्यात मिसळतो. A/G माणसाचे डोळे असे होऊ शकतात, कधी G/G माणसाचेही.

रंग बदलला तर

निळसर डोळ्यांनी जन्मलेल्या बाळाचा रंग पहिल्या काही महिन्यांत गडद होऊ शकतो, कारण पुढच्या थरात मेलॅनिन जन्मानंतरही साठत राहतं. म्हणून वर्षभराच्या आत ‘कोणावर गेलंय’ याचा निवाडा करण्यात अर्थ नाही. मोठेपणी एकाच डोळ्याचा रंग फिका किंवा गडद होऊ लागला, तर मात्र नेत्रतज्ज्ञांकडे जा. बुबुळाची दीर्घकाळ चालणारी सूज हे त्याचं एक कारण असू शकतं. काचबिंदूसाठी लॅटॅनोप्रॉस्टसारखे थेंब एकाच डोळ्यात घालत असाल तर तेही सांगा, कारण त्यांनी बुबुळातलं मेलॅनिन वाढतं आणि थेंब थांबवले तरी तो गडदपणा बहुधा कायम राहतो.