गणपतीला गावी निघण्याआधी: सोसायटीचे कॅमेरे मोबाइलवर आणण्याची तयारी

श्रावण संपत आला की मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये एक मागणी हमखास येते: गेटचे कॅमेरे मोबाइलवर दिसू द्या. सेक्रेटरी कणकवलीला, खजिनदार चिपळूणला, निम्मे फ्लॅट बंद आणि इमारत वॉचमनच्या भरवशावर. मागणी रास्तच आहे. सीसीटीव्हीवाला येतो, डीव्हीआरवरचा क्यूआर कोड स्कॅन करतो आणि थोड्याच वेळात चित्र दिसायला लागतं. पासवर्ड मात्र कारखान्यातून आला तोच राहतो. ही यादी क्यूआर कोड स्कॅन करण्याआधीच्या कामांची आहे. एक शनिवारची दुपार पुरते.

सोसायटीच्या ऑफिसात साधारण जे असतं तेच उदाहरण घेऊ. ब्रॉडबँड कंपनीने दिलेला फायबरचा राउटर, एक सोळा चॅनेलचा डीव्हीआर, त्याला जाड काळ्या केबलने जोडलेले गेट, पार्किंग आणि लिफ्टचे कॅमेरे, मागच्या गेटला आणि गच्चीवर नंतर बसवलेले दोन आयपी कॅमेरे आणि पावत्या छापायचा वाय-फाय प्रिंटर. पासवर्ड बदलायचे म्हटलं की लोक कॅमेरे मोजू लागतात आणि दडपून जातात. पण जाड केबलवरच्या कॅमेऱ्यांना स्वतःचा पत्ता नसतो आणि पासवर्डही नसतो. त्यांचं सगळं डीव्हीआरकडे असतं. ते वगळले की कामाची उपकरणं पाचच उरतात: राउटर, डीव्हीआर, दोन आयपी कॅमेरे आणि प्रिंटर. ही पाच नावं वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर मॉडेल नंबर आणि नेटवर्कवरचा पत्ता टाका. पत्ते राउटरच्या पानावर, जोडलेल्या उपकरणांच्या यादीत सापडतात.

यानंतरचं पहिलं काम म्हणजे बाहेरचं इंटरनेट तोडणं. फायबरची वायर राउटरपासून हळूच काढून ठेवा. तिच्या टोकात डोकावू नका आणि ती मुडपूही नका. मग पाचही उपकरणं एकदा बंद करून चालू करा. या क्रमाला कारण आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे कारखान्याच्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती. तो इंटरनेटवर दिसेल त्या उपकरणाला त्या जोड्या लावून पाहत असे. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेने वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेतल्या अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. मिराई फक्त उपकरणाच्या चालू मेमरीत राहत असे, म्हणून उपकरण बंद करून चालू केलं की तो निघून जाई. पण पासवर्ड तोच आणि इंटरनेट जोडलेलं असलं की काही मिनिटांत परत येई. म्हणून आधी वायर काढायची, मग उपकरण बंद-चालू करायचं, मग पासवर्ड बदलायचा आणि वायर सर्वांत शेवटी जोडायची.

आता राउटर. लॅपटॉप केबलने त्याला जोडा आणि खालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. बहुधा तो `192.168.1.1` असतो. इथे दोन वेगळे पासवर्ड आहेत आणि घोटाळा इथेच होतो. वाय-फायचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो, तो बदलला की काम झालं असं वाटतं. पण राउटरच्या सेटिंगचं पान उघडणारा पासवर्ड निराळा असतो आणि तो अनेकदा `admin` हाच राहिलेला असतो. दोन्ही बदला. मग त्याच पानावर बाहेरून राउटर चालवण्याची सोय, म्हणजे `Remote Management`, बंद आहे ना ते बघा आणि `WPS` व `UPnP` बंद करा. `UPnP` चालू असलं की डीव्हीआर राउटरला सांगतो की माझ्यासाठी बाहेरून दार उघड, आणि राउटर कोणालाही न विचारता ते उघडतो. काही राउटरमध्ये ब्रॉडबँड कंपनीचं स्वतःचं आणखी एक खातं असतं आणि ते आपल्याला दिसत नाही. ते आपण बदलू शकत नाही. त्याबद्दल कंपनीलाच विचारायचं.

डीव्हीआरला सर्वाधिक वेळ द्या. मॉनिटर आणि माउस लावून युजरची यादी उघडा. नवीन डीव्हीआर पहिल्यांदा चालू करतानाच पासवर्ड ठरवायला लावतात. जुन्यांवर `admin` नावासोबत `admin` किंवा `12345` चालतं, आणि काहींमध्ये `888888` आणि `666666` अशी आणखी खातीही असतात. एकट्या `admin` चा पासवर्ड बदलून पुढे जाऊ नका. यादीतलं प्रत्येक नाव काढून टाका किंवा त्याचा पासवर्ड बदला. नवा पासवर्ड बारा-चौदा अक्षरांचा असावा, त्यात सोसायटीचं नाव, प्लॉट नंबर किंवा पिनकोड नको. `@`, `:` आणि `/` ही चिन्हंही टाळा, कारण कॅमेऱ्याचा व्हिडिओ मागवताना काही सॉफ्टवेअर पासवर्ड पत्त्यातच घालतात आणि या चिन्हांनी तो पत्ता तुटतो. मग पासवर्ड विसरल्यास कोड कोणत्या ईमेलवर किंवा मोबाइलवर जाईल ते बघा. तिथे बहुतेक वेळा सीसीटीव्हीवाल्याचाच नंबर असतो. तो तसाच राहिला, तर आपण बदललेला पासवर्ड त्याला कधीही पुन्हा बदलता येईल. माणूस भला असेलही. पण त्याचा मोबाइल हरवू शकतो, त्याच्याकडचा मुलगा काम सोडून जाऊ शकतो. तिथे सोसायटीचा स्वतःचा ईमेल घाला. शेवटी कमिटीच्या मोबाइलसाठी वेगळं खातं बनवा आणि त्याला फक्त चित्र बघायची परवानगी द्या. `admin` चा पासवर्ड कोणाच्याही मोबाइलमध्ये नको.

आयपी कॅमेऱ्यांना स्वतःचा पासवर्ड असतो आणि डीव्हीआर तोच वापरून त्यांच्याकडून चित्र घेतो. कॅमेऱ्यावर तो बदलला आणि डीव्हीआरला कळवला नाही, तर गच्चीचं चित्र काळं पडतं. पुढची अडचण जास्त छळते. डीव्हीआर जुना पासवर्ड घेऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, आणि कॅमेऱ्यात चुकीच्या प्रयत्नांवर कुलूप असेल तर ते पडतं. मग बरोबर पासवर्ड टाकला तरी थोडा वेळ आत जाता येत नाही, आणि लोकांना वाटतं की नवा पासवर्ड लागलाच नाही. म्हणून आधी डीव्हीआरच्या यादीत तो कॅमेरा तात्पुरता काढा, मग कॅमेऱ्यावर पासवर्ड बदला, मग नव्या पासवर्डने तो परत जोडा. एक कॅमेरा पूर्ण झाल्यावरच दुसऱ्याला हात लावा. चित्र आलं म्हणजे झालं असं समजू नका; दहा मिनिटांनी मागचं रेकॉर्डिंग लावून बघा.

इथे एक मर्यादा आहे. काही जुन्या कॅमेऱ्यांमध्ये आणि डीव्हीआरमध्ये वेबपानाचा पासवर्ड बदलला तरी टेलनेट नावाच्या मागच्या दाराचा कारखान्याचा पासवर्ड तसाच राहतो आणि तो बदलायची सोयच नसते. मिराईला अशी उपकरणं बरीच सापडली होती. विंडोजच्या लॅपटॉपवर पॉवरशेल उघडून प्रत्येक पत्त्यासाठी हे तपासा:

```
Test-NetConnection 192.168.1.108 -Port 23
```

शेवटच्या ओळीत `TcpTestSucceeded : False` आलं तर ठीक. `True` आलं तर सेटिंगमध्ये टेलनेट बंद करता येतं का ते बघा किंवा कंपनीचं नवं फर्मवेअर टाका. दोन्ही जमत नसेल तर ते उपकरण मोबाइलवर आणू नका. माझं मत इतकं स्पष्ट आहे: असा डीव्हीआर ऑफिसातल्या मॉनिटरपुरता चालवा आणि नव्यासाठी कमिटीच्या पुढच्या बैठकीत खर्च मांडा.

प्रिंटर यादीत शेवटी आहे, पण त्याला वगळू नका. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की त्याचंही सेटिंगचं पान उघडतं. स्कॅन थेट ईमेलला जात असेल तर त्या ईमेलचा पासवर्ड आणि सभासदांचे पत्ते तिथेच असतात. काही प्रिंटरवर हा पासवर्ड रिकामाच असतो, काहींवर मागच्या स्टिकरवर छापलेला. स्टिकरवरचा प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून तो पुरेसा वाटतो. पण २०२५ मध्ये ब्रदर कंपनीच्या शेकडो मॉडेलांबाबत उघड झालं की तो पासवर्ड सीरियल नंबरवरूनच काढता येतो. विकल्या गेलेल्या प्रिंटरसाठी उपाय एकच सांगितला गेला: पासवर्ड स्वतः बदला. तरीही हा पासवर्ड सेटिंगचंच रक्षण करतो. छपाईचं काम ९१०० या पोर्टवर येतं आणि तिथे सहसा पासवर्ड विचारला जात नाही. २०१८ मध्ये कोणीतरी जगभरच्या हजारो प्रिंटरवर याच वाटेने कागद छापले होते. म्हणून प्रिंटरसाठी राउटरमध्ये बाहेरचं दार कधीच उघडू नका. पावत्या गावाहून छापायची गरजही नसते.

आता फायबर जोडा, पण मोबाइलची सोय लगेच चालू करू नका. आधी ब्राउझरच्या खासगी खिडकीत प्रत्येक उपकरणावर जुना पासवर्ड मुद्दाम टाकून बघा. तो नाकारला गेला पाहिजे. हा प्रयत्न प्रत्येकावर एकदाच करा, नाहीतर कुलूप पडेल. मग राउटरच्या पानावर `Port Forwarding` ची यादी बघा. तिथे कोणी जुन्या नोंदी करून ठेवल्या असतील तर त्या काढा.

कधीकधी सीसीटीव्हीवाला सांगतो की तुमची लाइन सामायिक पत्त्यावर आहे, बाहेरून कोणी येऊच शकत नाही. राउटरच्या पानावर `WAN IP` हा 100.64 ते 100.127 यांपैकी आकड्याने सुरू होत असेल तर पहिला भाग खरा आहे. पण डीव्हीआरची `P2P` सोय उलट्या दिशेने चालते. डीव्हीआर स्वतःच बाहेर कंपनीच्या सर्व्हरला जोडून बसतो आणि मोबाइल त्या सर्व्हरमार्फत आत येतो. अनेक मॉडेलांत त्यासाठी सीरियल नंबर आणि पासवर्ड एवढंच लागतं. सीरियल नंबर डब्यावर, बिलावर आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेल्या फोटोत असतो. मग अडवायला पासवर्डच उरतो.

हे सगळं झाल्यावर `P2P` चालू करा आणि डीव्हीआर सोसायटीच्या नंबरवर उघडलेल्या खात्यात जोडा. सीसीटीव्हीवाल्याने आधीच तो स्वतःच्या खात्यात जोडलेला असेल तर अॅप तसं सांगतं. तेव्हा त्याला फोन करून त्याच्याकडून तो काढून घ्या, कारण पासवर्ड बदलला तरी ही जोडणी आपोआप सुटेलच असं नाही. मग ऑफिसबाहेर या, मोबाइलचं वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावर गेटचं चित्र बघा.

नवे पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून सोसायटीच्या कपाटात ठेवा. पाकिटावर तारीख घाला. पावसाळ्यात मीटर रूममध्ये काही बिघडलं आणि कारागिराने डीव्हीआर किंवा राउटर रीसेट केला, तर कारखान्याचा पासवर्ड परत येतो आणि बंद केलेलं `UPnP` पुन्हा चालू होऊ शकतं. मोबाइलवर चित्र अचानक बंद झालं किंवा डीव्हीआरवरची तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसली, तर रीसेट झाल्याचीच शंका घ्या. त्या दिवशी मुंबईत जो कोणी असेल त्याला ऑफिसात पाठवून आधी फायबर काढायला सांगा.