ईव्हीच्या हाय व्होल्टेज कामाला लागताय? आधी "गाडी मेली" हे मीटरवर बघायला शिका

आयटीआय करून इलेक्ट्रिक गाड्यांच्या वर्कशॉपला लागलेली पोरं सगळ्यात आधी विचारतात मोटर कशी खोलायची, बॅटरी कशी उतरवायची. खोलणं सोपंय हो, बोल्टच आहेत शेवटी. पण त्या आधीची पंधरा-वीस मिनिटं, ज्यात आपण गाडीचं हाय व्होल्टेज बंद करतो आणि ते खरंच बंद झालंय हे तपासतो, तीच या कामातली खरी शिकायची गोष्ट आहे म्हणून तेवढंच नीट लिहितोय.

आपल्याकडच्या बऱ्याच इलेक्ट्रिक कारचा बॅटरी पॅक साधारण ३०० ते ४०० व्होल्ट डीसीचा असतो. ६० व्होल्ट डीसीच्या वर गेलं की ते धोक्याचं धरायचं. घरच्या लाइटमध्ये न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असतो पण गाडीत तसं नसतं, पॅकचा प्लस पण बॉडीला जोडलेला नाही आणि मायनस पण नाही, दोन्ही तरंगते. त्यामुळे गाडी धडधाकट असेल तर एका टोकाला हात लागून सहसा काही होत नाही, आणि इथेच काही जुने मेकॅनिक निर्धास्त होतात. पण कुठे पाणी शिरलं, केबलचं कव्हर घासलं गेलं की एक टोक बॉडीला लागतं. डॅशबोर्डवर इन्सुलेशन किंवा आयसोलेशनचा एरर येतो तो याचाच. अशा गाडीत तुमचा एक हात बॉडीवर आणि दुसरा उरलेल्या टोकाला लागला की सर्किट तुमच्या छातीतून पूर्ण होतं. म्हणजे वर्कशॉपला येणारी नादुरुस्त गाडीच नेमकी जास्त धोक्याची असते.

बंद करायचा क्रम मॉडेलप्रमाणे थोडा बदलतो, त्या गाडीचं मॅन्युअल उघडून समोर ठेवा, पाठ आहे म्हणू नका. साधारण असं असतं: गाडी बंद, चावी गाडीपासून लांब कपाटात कुलपात, कारण स्मार्ट चावी जवळ राहिली तर गाडी पुन्हा जागी होऊ शकते. मग १२ व्होल्ट बॅटरीचं मायनस काढायचं. पॅकच्या आतले मेन कॉन्टॅक्टर, म्हणजे हाय व्होल्टेज जोडणारे मोठे रिले, याच १२ व्होल्टवर चिकटून असतात, ते गेलं की स्प्रिंगने उघडतात. मग ग्लोव्हज घालून सर्व्हिस प्लग, म्हणजे पॅकचं सर्किट हाताने तोडायचा प्लग, ओढायचा आणि तो आपल्याच खिशात किंवा कुलपात ठेवायचा, टेबलावर नाही, कारण दुसरा कोणीतरी "हे राहिलं वाटतं" म्हणून परत लावतो. गाडीला बोर्ड लावायचा. मग थांबायचं, मॅन्युअल पाच म्हणेल तर पाच मिनिटं, दहा म्हणेल तर दहा, कारण बॅटरीच्या डीसीवर मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो आणि तो उतरायला वेळ लागतो.

आता मीटर. १००० व्होल्ट कॅट थ्री लिहिलेलं मीटर आणि त्याच रेटिंगच्या लीड्स. आधी चालू सप्लायवर मीटर तपासा, मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मोजा, आणि मोजून झाल्यावर परत त्याच चालू सप्लायवर तपासा. हे शेवटचं सगळे टाळतात, पण मधेच लीड तुटली असेल तर शून्य दिसतं आणि ते शून्य खोटं असतं. मोजायचं तीनदा, प्लस ते मायनस, प्लस ते बॉडी, मायनस ते बॉडी.

आमच्याकडे एक गाडी आली होती, इन्व्हर्टर बदलायचा होता. सगळं क्रमाने केलं, मॅन्युअलप्रमाणे थांबलो, मीटर लावलं तर प्लस-मायनसमध्ये १४० च्या आसपास व्होल्ट. सोबतचा पोरगा म्हणाला दादा मीटर गंडलंय. मीटर परत तपासलं, बरोबर होतं. मग काहीच न करता लीड्स तशाच धरून बघत राहिलो आणि आकडा हळूहळू खाली येत होता, काही मिनिटांत १३० च्या खाली. यातूनच निदान होतं बघा. आकडा पॅकच्या व्होल्टेजवर जागचा हलत नसेल तर बॅटरीकडून सप्लाय अजून येतोय, म्हणजे कॉन्टॅक्टर चिकटलेत किंवा प्लग नीट निघाला नाही. आकडा उतरत असेल तर बॅटरी तुटलीये, फक्त कपॅसिटर रिकामा होत नाहीये. इथे इन्व्हर्टरमधला डिस्चार्ज रेझिस्टर उडाला होता. आम्ही कंपनीच्या पद्धतीप्रमाणे रेटिंगच्या रेझिस्टरने, ग्लोव्हज घालून, तो उतरवला आणि परत मोजल्यावरच केबल काढली. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून शॉर्ट करायचं कधीच नाही, ३२० व्होल्टला भरलेला ५०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर म्हणजे साधारण २५ ज्यूल, स्क्रूड्रायव्हरचं टोक वितळून डोळ्यात येतं.

शून्य मिळालं तरी दोन गोष्टी जिवंतच राहतात. एक म्हणजे पॅक स्वतः, सर्व्हिस प्लग बहुतेक मधोमध तोडतो म्हणजे ३२० च्या पॅकमध्ये दोन्ही अर्ध्यांत १६०-१६० आहेतच, झाकण उघडल्यावर आत बंद असं काही नसतं. दुसरी मोटर. परमनंट मॅग्नेट मोटर चाक फिरलं की जनरेटर होते, म्हणून लिफ्टवर गाडी असताना चाक फिरवायचं नाही आणि ड्राइव्हची चाकं जमिनीवर ठेवून टो करायचं नाही.

ग्लोव्हज क्लास झिरोचे लागतात, १००० व्होल्ट एसी आणि १५०० डीसीपर्यंतचे, वरून चामड्याचे, कारण रबराला पत्र्याने बारीक भोक पडतं. दर वेळी घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळून हवा कोंडायची, दाबायचं, गालाजवळ धरायचं, भोक असेल तर हवा लागते. भोक सापडलं की तो फेकायचा, पॅच नाही. दर सहा महिन्यांनी लॅबमधून तपासून घ्यायचे, तारीख ग्लोव्हवर बघा. पान्यांवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट छापलेलं पाहिजे, साध्या पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून चालत नाही. चांगल्या पान्याचं कव्हर दोन रंगांच्या थरांचं असतं, आतला रंग दिसायला लागला की तो पाना बाद. अंगठी, चेन, घड्याळ, कडं आधीच काढा.

आणि एकट्याने हे काम करायचं नाही. दुसरा माणूस इन्सुलेटेड हुक घेऊन बाजूला उभा पाहिजे, मोबाइल बघत नाही तर तुमच्याकडे बघत. शॉक लागला तर डीसीमध्ये स्नायू आकडून हात सुटेनासा होऊ शकतो. त्याला हाताने धरायचं नाही, अगदी सख्खा भाऊ असला तरी, नाहीतर दोघं जाल. सप्लाय लगेच तोडता येत असेल तर तोडा, नाहीतर हुकने ओढून बाजूला घ्या, हुक नसेल तर कोरडी लाकडी काठी. सुटला की त्याला हाक मारा, खांदे हलवा, श्वास बघा. मधूनच आचके देत असेल तर तो श्वास धरू नका. एकाला १०८ किंवा ११२ ला फोन करायला सांगा, नाव घेऊन सांगा, "कोणीतरी करा" म्हटलं की कोणीच करत नाही. आणि लगेच छातीच्या मधोमध दाबायला सुरू, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ३० दाबल्यावर २ श्वास, श्वास द्यायला जमत नसेल तर नुसतं दाबत राहा. एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देऊन ठोके सुरळीत करायचं मशीन, असेल तर मागवा, ते मशीनच पुढचं सांगतं.

शुद्धीवर येऊन "काही नाही झालं, ठीक आहे" म्हणाला तरी त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या आणि डॉक्टरांना डीसी शॉक होता, साधारण किती व्होल्ट आणि कुठून कुठे गेला हे सांगा, ईसीजी काढायला लावा. हृदयाचे ठोके नंतर बिघडू शकतात आणि हातावर छोटासा डाग दिसला तरी आतलं भाजणं मोठं असू शकतं. नवीन जागी जॉइन होताना पहिल्याच दिवशी विचारा की हुक कुठे टांगलाय आणि ग्लोव्हजची टेस्ट तारीख काय आहे. दोन्हींचं उत्तर मिळालं नाही तर ते मिळेपर्यंत हाय व्होल्टेजच्या ऑरेंज केबलला हात लावू नका.