विट्याहून कोईम्बतूरला आलात, नेट बँकिंग लॉक झालं तर

गलाईच्या दुकानात नवीन आलेल्या आपल्या मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुमचं खातं विट्याच्या किंवा आटपाडीच्या शाखेतलं असतं आणि त्याला बहुतेक वेळा वडिलांचा मोबाइल नंबर जोडलेला असतो. पासवर्ड चुकला की खरी अडचण तिथंच होते.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडं आलेल्या खानापूर तालुक्यातल्या मुलानं तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला आणि लॉगिन बंद झालं. घाबरू नका, पैसे जागेवरच असतात. एटीएम आणि यूपीआयचे पिन वेगळे असल्यानं सहसा तेही चालू राहतात. अनेक बँकांत असं लॉक दुसऱ्या दिवशी आपोआप सुटतं, म्हणून पासवर्ड आठवत असेल तर त्या दिवशी पुन्हा प्रयत्न करू नका. याला मात्र पासवर्ड आठवतच नव्हता.

त्यानं ॲपमध्ये ‘पासवर्ड विसरलात’ दाबलं. खातं क्रमांक, जन्मतारीख, डेबिट कार्डाची माहिती सगळं बरोबर भरलं. ओटीपी गेला गावाकडं वडिलांच्या फोनवर. वडील रानात होते, फोन घरी होता. ओटीपीची मुदत काही मिनिटांची, ती संपली. नोंदवलेलं सिम हाताशी असेल तर ॲपइतकी सोपी वाट दुसरी नाही, पण सिमच नसेल तर तिथं काहीच हलत नाही.

मग कार्डामागच्या नंबरावर फोन केला. (नंबर गुगलवर शोधू नका, तिथं फसवे नंबर असतात.) तिथल्या बाईंनी ओळख पडताळून लॉक कशानं झालंय ते सांगितलं आणि तक्रार क्रमांक दिला. नवा पासवर्ड फोनवर मिळत नाही, मिळूही नये. कुणी फोनवर ओटीपी किंवा पासवर्ड मागितला तर फोन ठेवा आणि पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवा.

शेवटी शाखा. मी त्याला आमच्या दुकानाजवळच्या त्याच बँकेच्या शाखेत नेलं. पासबुक, मूळ आधार, पॅन आणि झेरॉक्स बरोबर घेतल्या. दोन अर्ज भरले, एक नेट बँकिंग पुन्हा चालू करण्याचा, दुसरा मोबाइल नंबर बदलण्याचा. सही खातं उघडताना केली तशीच करा. याची सही बदलली होती, त्यामुळं पहिला अर्ज परत आला आणि अर्धा दिवस त्यातच गेला. काही बँका नंबर बदलायला होम ब्रँचलाच पाठवतात, म्हणून आधी विचारा. नवा नंबर लागल्यावर सुरुवातीला मोठी रक्कम पाठवायला मर्यादा असू शकते, घरी पैसे धाडायचे असतील तर तेवढं धरून चाला.

जत्रेला गावी जाल तेव्हा विट्याच्या शाखेत एक फेरी मारा आणि खात्याला स्वतःचा नंबर लावून घ्या. वडिलांनाही बरोबर न्या, त्यांच्या खात्याचा नंबर तोच असेल, तर तो चुकून बदलला जाऊ नये.