जीएसटीआर-१ आणि ३बी जुळत नाहीत? या चुका टाळा

एका घाऊक किराणा दुकानदाराची गोष्ट घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने १२,००० रुपयांचं बिल जीएसटीआर-१ मध्ये १,२०,००० असं टाकलं. एक शून्य जास्त. १८ टक्क्यांनी कर हवा होता २,१६०, दिसला २१,६००, म्हणजे १९,४४० जादा.

जीएसटीआर-१ मध्ये विक्रीचा तपशील जातो, साधारण ११ तारखेपर्यंत. ३बी हा महिन्याचा गोषवारा, २० तारखेपर्यंत, आणि कर भरला जातो तो इथे. त्याचा डिसेंबरचा खरा कर ५०,००० होता, जीएसटीआर-१ दाखवत होता ६९,४४०. तेव्हा ३बीतला आकडा हाताने बदलता येत असे. त्याने ५०,००० करून भरले. इथवर ठीक.

घोळ पुढच्या महिन्यात झाला. जानेवारीच्या जीएसटीआर-१ मध्ये त्याने तक्ता ९ए भरून ते बिल दुरुस्त केलं. जानेवारीचा खरा कर ६०,०००, पण दुरुस्तीचे उणे १९,४४० धरून ३बीत आपोआप आले ४०,५६०. त्याने तेवढेच भरले. एकाच चुकीची वजावट दोनदा झाली! दोन महिन्यांची बेरीज केली की उघडं पडतं: जीएसटीआर-१ नुसार १,१०,०००, ३बीत भरले ९०,५६०. हे १९,४४० आता डीआरसी-०३ या कर भरण्याच्या फॉर्मने, वार्षिक १८ टक्के व्याजासह भरावे लागतात.

म्हणून एकाच महिन्याचा फरक बघून निष्कर्ष काढू नका. पोर्टलवर Tax Liabilities and ITC Comparison हा अहवाल उघडा आणि वर्षाची एकत्रित बेरीज पाहा. वरच्या उदाहरणात डिसेंबरचा फरक निरुपद्रवी होता, जानेवारीत तर शून्य दिसतो. खरी तूट बेरजेतच आहे. स्वतः एक्सेलमध्ये जुळवत असाल तर ३बीतली ३.१(डी) ही ओळ वगळा. तो रिव्हर्स चार्ज, म्हणजे तुमच्या खरेदीवर तुम्हीच भरायचा कर. विक्रीच्या विवरणात तो कधीच सापडणार नाही. हा फरक शोधण्यात तासन्‌तास घालवणारे मी पाहिलेत.

जुलै २०२५ च्या कालावधीपासून ३बीतला विक्रीवरचा आपोआप आलेला कर बदलता येत नाही. चूक ११ तारखेनंतर लक्षात आली, तर ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए हा दुरुस्तीचा फॉर्म भरा. सुधारलेला आकडा ३बीत येतो. पण तो त्या कालावधीत एकदाच भरता येतो, तेव्हा सगळी बिलं तपासूनच पाठवा. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक चुकला असेल तर १ए कामाचा नाही, पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मधला तक्ता ९ए गाठावा लागतो.

फरक मोठा असेल तर डीआरसी-०१बी ही सूचना येते. सात दिवसांत एकतर कर भरून किंवा कारण देऊन तिच्या भाग बी मध्ये उत्तर द्यावं लागतं, नाहीतर पुढचा जीएसटीआर-१ अडतो. मग तुमच्या ग्राहकांचं क्रेडिटही अडकतं, आणि फोन सुरू होतात.