सिग्नलच्या छायाचित्रावरून निष्कर्ष काढताना या चुका टाळा

भारतीय रेल्वेच्या रंगीत दिव्यांच्या सिग्नलचे छायाचित्र पाहून "गाडी लालमधून गेली" किंवा "दोन पिवळे होते, म्हणजे धोका जास्त होता" असे ठामपणे लिहिणारे मला वारंवार भेटतात. त्यांतील बहुतेकांनी दिव्याचा रंग पाहिलेला असतो. दिवा खांबावर कितव्या जागी आहे आणि गाडीचे इंजिन कुठे आहे, हे मात्र पाहिलेले नसते.

सर्वांत जास्त त्रास देणारी चूक म्हणजे इंजिन सिग्नलच्या पुढे गेल्यानंतर टिपलेल्या छायाचित्रावरून लोको पायलटला दोषी ठरवणे. काही वर्षांपूर्वी एका परिचिताने मला असेच एक छायाचित्र दाखवले. फलाटाच्या टोकाशी गाडीला सुटण्याची परवानगी देणारा स्टार्टर सिग्नल लाल होता, गाडीचा तिसरा डबा त्याच्या शेजारी होता आणि गाडी चालू असल्याचे धूसर चाकांवरून स्पष्ट दिसत होते. गाडीने लाल सिग्नल ओलांडल्याची तक्रार करण्याच्या तयारीत ते होते. वास्तविक इंजिनाची पहिली चाके सिग्नलच्या पुढच्या, रुळांवर गाडी असल्याचे ओळखणाऱ्या ट्रॅक सर्किटवर किंवा चाके मोजणाऱ्या एक्सल काउंटरच्या टप्प्यात शिरली की तो सिग्नल आपोआप लाल होतो, जेणेकरून मागून येणाऱ्या गाडीला तोच हिरवा मिळू नये. म्हणजे त्या छायाचित्रातील लाल दिवा यंत्रणा नीट चालल्याची खूण होता. त्यांच्याकडे त्याच मालिकेतील आधीचे छायाचित्र होते. त्यात इंजिन सिग्नलच्या अलीकडे होते आणि सिग्नल हिरवा होता. तेव्हापासून इंजिन सिग्नलच्या अलीकडे असलेले छायाचित्र मिळाल्याखेरीज मी मत देत नाही, आणि इतरांनीही घाई करू नये असे मला मनापासून वाटते.

दुसरी चूक रंगाची. रात्री कॅमेऱ्यात प्रकाश जास्त शिरला की लाल दिव्याचा मधला भाग नारिंगी, कधी चक्क पिवळा दिसतो, कारण सेन्सरमधील लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला पोहोचते आणि हिरव्याची मात्र वाढत राहते. नवशिके अशा वेळी रंग अधिक गडद करतात आणि चूक पक्की करून बसतात. मी उलट करतो: उजेड कमी करून दिव्याभोवतीचे वलय पाहतो, मग सावल्या उजळून दिव्यांवरची झापडे मोजतो. आपल्याकडील चार दिव्यांच्या सिग्नलमध्ये वरून खाली पिवळा, हिरवा, पिवळा आणि लाल असा क्रम असतो. तीन दिव्यांच्या थांबा-सिग्नलमध्ये हिरवा, पिवळा, लाल. त्यामुळे अशा सिग्नलमध्ये सर्वांत खालचा दिवा नारिंगी दिसला, तरी तो लालच समजावा. हा क्रम परदेशातील छायाचित्रांना लावू नये.

याच क्रमामुळे दुहेरी पिवळ्याची खात्री करता येते. दोन पिवळ्यांच्या मध्ये न पेटलेल्या हिरव्या दिव्याची जागा रिकामी असते, म्हणून दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले असतील, तर दुसरा ठिपका बहुधा भिंगातील परावर्तन असतो.

आता अर्थाकडे. लाल म्हणजे थांबणे. एक पिवळा म्हणजे पुढच्या थांबा-सिग्नलपाशी थांबण्याच्या तयारीने जाणे. दुहेरी पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल नेमून दिलेल्या कमी वेगाने ओलांडण्याच्या तयारीने जाणे, आणि हिरवा म्हणजे पुढे जाणे. यातून दिसते की दुहेरी पिवळा हा एका पिवळ्यापेक्षा कमी कडक आहे. वरचा जादा पिवळा दिवा निकामी झाल्यास खालचा एक पिवळा उरतो, म्हणजे बिघाडानंतर लोको पायलटला अधिक कडक सूचना मिळते. ही रचना मुद्दाम तशी केलेली आहे. दोन दिवे पाहून दुप्पट धोका मानणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

खांबावरची पाटी न वाचणे ही चूकही नेहमीची आहे. पांढऱ्या चकतीवर काळा 'पी' असेल, तर तो पुढच्या थांबा-सिग्नलची आगाऊ सूचना देणारा डिस्टंट सिग्नल असतो. त्यात लाल दिवा नसतोच, त्यामुळे तिथे "लाल दिसला" हे विधान तपासायलाच हवे. 'ए' असेल, तर तो गाड्यांच्या ये-जेनुसार आपोआप बदलणारा स्वयंचलित सिग्नल असतो; तो लाल असताना लोको पायलट दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटे थांबून नियमाप्रमाणे अतिशय सावकाश पुढे जाऊ शकतो, म्हणून लालच्या पुढे गेलेली प्रत्येक गाडी नियमभंग करणारी नसते. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर ही पाटी सर्रास दिसते.

शेजारच्या मार्गाचा सिग्नल आपल्या गाडीचा समजू नये; आपल्याकडे सिग्नल साधारणतः त्या मार्गाच्या डाव्या बाजूला किंवा डोक्यावर असतो, आणि लांब भिंगाने टिपलेल्या छायाचित्रात दोन मार्गांमधले अंतर फसवे दिसते.

मावळतीचे ऊन समोरून सिग्नलच्या भिंगावर पडले, तर न पेटलेला दिवाही पेटल्यासारखा भासतो. अशा छायाचित्रात एकाहून अधिक रंग एकाच वेळी उजळलेले दिसले, तर मी ते बाजूला ठेवतो आणि काही सेकंद पुढचे-मागचे छायाचित्र मागवतो.