टेम्पे बिघडतो तो बहुतेक पाण्याने नाहीतर उष्णतेने: या चुका टाळा

टेम्पे म्हणजे शिजवलेल्या सोयाबीनच्या किंवा छोल्यांच्या दाण्यांना बुरशीच्या पावडरचं विरजण लावून, भोकं पाडलेल्या पिशवीत जमवलेली वडी. ती फसली की पहिला आळ विरजणावर येतो. ‘पावडर खराब निघाली’ म्हणून नवं पाकीट मागवलं जातं आणि पुढचा घाणाही तसाच चिकट होतो. पावडर खराब असू शकते, पण फार क्वचित. खरं कारण बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडतं: दाणे ओले राहिले, किंवा दुसऱ्या दिवशी पिशवीच्या पोटात काय चाललंय ते कोणी पाहिलं नाही.

आधी ओलाव्याचं. टेम्पेची बुरशी, म्हणजे रायझोपस, हवेवर वाढते. दाण्यांभोवती पाण्याचा थर असला की तिला हवा मिळत नाही, आणि त्या पाण्यात जिवाणू मात्र झपाट्याने वाढतात. म्हणून शिजलेले दाणे चाळणीत निथळले की काम संपलं असं समजू नका. रिकाम्या पातेल्यात मंद आचेवर ते पाच-सात मिनिटं परता, वाफ जाऊ द्या, मग कोरड्या सुती पंच्यावर पसरून पंख्याखाली ठेवा. मूठभर दाणे टिपकागदावर दाबले आणि कागदावर ओला डाग उमटला नाही, की ते तयार. दाणा आतून मऊ आणि ओलसर हवा, फक्त वरून कोरडा. या पायरीला अर्धा तास लागतो आणि घाईची माणसं नेमकी हीच पायरी गाळतात. माझ्या मते टेम्पेत दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, पण हे जमायलाच हवं.

ओलाव्याची दुसरी बाजू म्हणजे कुकर. पाच शिट्ट्यांत सोयाबीन मेणासारखं मऊ होतं, छोले तर फुटून पिठूळ होतात आणि दाण्यांमधल्या फटी त्या लगद्याने बुजतात. मग पिशवीला कितीही भोकं पाडली तरी हवा आत पोचत नाही. भिजवलेलं आणि सोललेलं सोयाबीन उघड्या पातेल्यात पाऊण ते एक तास शिजवा. फेस फार येतो, तेव्हा पातेलं मोठं घ्या. दाणा बोटचेपा हवा.

सालं काढलीच पाहिजेत, कारण सालीतून बुरशीचे तंतू आत शिरत नाहीत. रात्रभर भिजवलेले दाणे पाण्यातच चोळा म्हणजे दाण्याच्या दोन डाळी होतात आणि सालं वर तरंगतात. ती ओतून टाका. दहा टक्के सालं राहिली तर बिघडत नाही. छोल्यांच्या साली सोलायचा कंटाळा असेल तर सरळ चणाडाळ घ्या. तिला साल नसतेच. दोन-तीन तास भिजवून दहा-बारा मिनिटं शिजवली की पुरे. हा एकच शॉर्टकट मला मान्य आहे.

व्हिनेगर गाळू नका. अर्धा किलो कोरड्या सोयाबीनला दोन मोठे चमचे, शिजल्यानंतर आणि परतण्यापूर्वी. आंबटपणा बुरशीला चालतो, नको असलेल्या जिवाणूंना तो जड जातो.

विरजण म्हणून दही, इडलीचं पीठ किंवा जपानी पदार्थ आंबवायला वापरतात ती कोजी चालत नाही. कोजीची बुरशी वेगळी. विकतचा टेम्पे बहुधा वाफवलेला किंवा गोठवलेला असतो, त्याचा तुकडा मिसळूनही भरवसा धरता येत नाही. पावडरचं प्रमाण पाकिटावर दिलेलं पाळा. अर्धा किलो कोरड्या दाण्यांना साधारण एक छोटा चमचा लागतो. दाणे हाताला कोमट, म्हणजे ३५ अंशांच्या आसपास आले की ती घाला आणि दोन मिनिटं नीट कालवा. गरम दाण्यांत घातली तर ती मरते.

आता दुसरी चूक, जी मला जास्त सलते, कारण इथे सगळे कष्ट करून झालेले असतात.

मे महिन्यातला एक घाणा पाहू. अर्धा किलो सोयाबीन, दाणे छान कोरडे, विरजण ताजं. सकाळी नऊ वाजता दोन पिशव्या भरल्या, प्रत्येकीची जाडी चार सेंटीमीटर, आणि एकावर एक ठेवून थर्माकोलच्या पेटीत गरम पाण्याच्या बाटलीसोबत बंद केल्या. पेटीत ३१ अंश. रात्री नऊला पिशवीच्या आत बाष्प आणि पुसट पांढरी झाक. सगळं ठीक दिसलं म्हणून बाटलीतलं पाणी पुन्हा गरम करून ठेवलं आणि झाकण लावलं. सकाळी सहाला कडा पांढऱ्याशुभ्र, पण मधोमध थर्मामीटर खुपसला तर ४४ अंश. कापल्यावर आतले दाणे तपकिरी, तार सुटणारे, आणि नाकात जाणारा अमोनियाचा वास. सगळा घाणा टाकावा लागला.

घडलं ते असं. पहिले बारा-चौदा तास बुरशीला बाहेरून ऊब लागते, ३० ते ३२ अंश. त्यानंतर ती स्वतःच उष्णता तयार करते आणि पिशवीचा गाभा भोवतालच्या हवेपेक्षा सहज पाच-सात अंशांनी वर जातो. चाळिशी ओलांडली की बुरशी मरू लागते आणि उष्णता सोसणारे जिवाणू तिची जागा घेतात. इथे पिशव्या जाड होत्या, एकावर एक होत्या आणि बाटली ऐन चुकीच्या वेळी तापवली गेली.

म्हणून जाडी अडीच सेंटीमीटरच्या वर नेऊ नका. दाभणाने दर दीड सेंटीमीटरवर भोकं पाडा, दोन्ही बाजूंनी. पिशव्या जाळीच्या स्टँडवर, एकमेकींना न चिकटवता ठेवा. थर्मामीटर पेटीच्या हवेत नको, दाण्यांच्या मधोमध हवा. बाराव्या तासाला तो बघा. हवेपेक्षा चढा दिसला की बाहेरची ऊब काढा आणि झाकण उघडा. मे महिन्यात तेव्हापासून पिशव्या पंख्याजवळच ठेवाव्या लागतात. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात उलट अडचण येते. बंद ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवायचा असेल तर तो जुना तारेचा हवा, एलईडीने पुरेशी ऊब येत नाही. आणि सुरुवात सकाळीच करा, म्हणजे हा टप्पा रात्री जागेपणी पार पडेल.

तयार झाला हे घड्याळावरून ठरवू नका. २४ तासही लागतात, ४० ही. पिशवी एका टोकाला धरून उचला. वडी आडवी ताठ राहिली पाहिजे. बोटभर जाडीचा काप सुटा होऊ नये, दाण्यांमधल्या सगळ्या फटी पांढऱ्या भरलेल्या असाव्यात आणि वास ताज्या अळंबीचा यावा. भोकांपाशी राखाडी-काळे ठिपके दिसले तर घाबरू नका, तिथे हवा जास्त मिळून बुरशीने बीजाणू धरले आहेत. गुलाबी, नारिंगी, हिरवा रंग, तार किंवा अमोनियाचा वास असेल तर मात्र पूर्ण वडी टाका. खराब भाग कापून उरलेला खाऊ नका.

कोकणातल्या स्वयंपाकघरांसाठी एक खास सूचना: दाण्यांत खोबरं किंवा नारळाचा चोथा मिसळू नका. जावामध्ये नारळाच्या चोथ्याचा ‘बोंगक्रेक’ नावाचा टेम्पे बनत असे. त्यात कधीकधी एक जिवाणू वाढून असं विष तयार होई, की जे शिजवूनही जात नाही. माणसं दगावल्यावर इंडोनेशियात त्यावर बंदी आली. नारळ हवा तर टेम्पेच्या रश्शात घाला.

तयार वडी गरम असतानाच फ्रीजमध्ये रचली तर ती आतून तापतच राहते. आधी दहा-पंधरा मिनिटं वाफवा, निववा, मग फ्रीजमध्ये चार-पाच दिवस ठेवा, नाहीतर काप करून गोठवा.