वडाभात करा, पण तेल सकाळीच मोजून ठेवा

आमच्याकडे नागपुरात वडाभात म्हटला की कढईभर तेल आलंच. वरून भातावर फोडणीचं तेल वेगळं. महिन्याचा डबा वीस दिवसांतच तळाला जायचा.

आता माणशी दिवसाला 4 छोटे चमचे, म्हणजे 20 मिली तेल धरते. आम्ही चौघं, म्हणून सकाळीच 80 मिली तेल छोट्या बाटलीत काढायचं आणि मोठा डबा वर ठेवून द्यायचा. दिवसभर सगळं त्या बाटलीतूनच.

वडाभाताच्या दिवशी असं करते:

1. डाळी भिजवून पाणी पूर्ण निथळू द्यायचं आणि भरडच वाटायच्या. वाटण सैल झालं तर एअर फ्रायरच्या जाळीतून गळतं, बारीक झालं तर वडे दगडासारखे होतात.
2. वडे चपटे थापून मधे भोक पाडायचं. दोन्ही बाजूंना मिळून 2 चमचे तेल ब्रशने लावायचं. 180 अंशांवर 15 मिनिटं, दहाव्या मिनिटाला उलटायचे.
3. फोडणी कढईत नाही, पळीत. पळीत 6 चमचे तेलसुद्धा खोल साचतं, मोहरी बुडून नीट तडतडते. गॅस बंद करून मग हिंग, लाल मिरची.

40 मिली उरतं, त्यात भाजी आणि रात्रीचं जेवण निघतं.

एअर फ्रायर नसेल तर वडे चाळणीत 12-15 मिनिटं वाफवा. कुरकुरीत होणार नाहीत, पण फोडणी छान शोषतात. मला तर तेच जास्त आवडतात.

बाहेर तर्रीपोहे खाल्ले असतील, तर त्या दिवशी बाटलीतलं तेल कमी करा.